पहिल्या शॉर्टफिल्मचं बजेट: कोणत्या ओळी लिहायच्या आणि कोणत्या हमखास राहून जातात

पहिल्या शॉर्टफिल्मची बजेटं माझ्याकडे तपासायला येतात, तेव्हा बहुतेकांची पहिली ओळ ‘कॅमेरा भाडं’ असते आणि शेवटची ‘इतर’. मध्ये लाइट, कलाकार, जेवण, एडिटिंग. खाली एक गोल आकडा. फिल्म शूट होते, हार्ड डिस्क कपाटात जाते आणि सहा महिन्यांनी कळतं की साउंड मिक्सला पैसे उरलेले नाहीत.

या बजेटांमध्ये रक्कम कमी पडते असं नाही. चूक असते ती क्रमात. बजेट पटकथेतून निघायला हवं, ते कॅमेऱ्यापासून सुरू केलेलं असतं. शिवाय त्यात फक्त शूटिंगचे दिवस धरलेले असतात. शूटच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि फिल्म तयार झाल्यावर जे पैसे जातात, त्यांना कागदावर जागाच नसते.

खाली एकच उदाहरण धरून पुढे जाऊ: १२ पानांची पटकथा, चार कलाकार, अकरा जणांचं युनिट आणि तीन जागा (एक घर, त्याचा जिना आणि रात्रीचा रस्ता). दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून रकमेऐवजी एकूण बजेटचे १००० भाग धरले आहेत. तुमची रक्कम किती का असेना, हिशेब तसाच लागू होतो.

## टप्पा १: पटकथा थांबवा आणि ब्रेकडाऊन काढा

बजेटला बसण्याआधी पटकथेचा मसुदा कुलूपबंद करा आणि त्याच्यावर तारीख घाला. पुढे एखादा सीन बदलला तर बजेटही बदलतं, हे दिग्दर्शकाला तेव्हाच सांगून ठेवा. दिग्दर्शक तुम्हीच असाल, तर जरा मोठ्यानं सांगा.

मग ब्रेकडाऊन, म्हणजे एकेक सीन घेऊन त्यात पैसे लागणारी प्रत्येक गोष्ट वेगळी काढा: कलाकार, गर्दी, वस्तू, कपडे, रंगभूषा, गाड्या, विशेष साधनं, आवाज. सीनची लांबी पानाच्या अष्टमांशात मोजतात. पानाचे आठ भाग कल्पा आणि सीन किती भागांचा आहे ते लिहा.

हे काम किती बारीक करायचं, ते एका सीनवर दाखवतो. पटकथेत एवढंच आहे:

> रस्ता, रात्र. पाऊस. ती गाडीतून उतरते. हातातली फुलदाणी निसटते, फुटते. फोन वाजतो. पलीकडून आईचा आवाज.

लांबी पानाचे दोन अष्टमांश. वाचायला दहा सेकंद पुरतात. आता खर्च बघा. रात्र आहे म्हणजे जादा लाइट, जनरेटर, त्याचं इंधन, तो चालवणारा माणूस आणि पहाटे सगळ्यांना घरी सोडायची गाडी. पाऊस आहे म्हणजे पाण्याचा टँकर, पाइप, फवारा, कॅमेऱ्यावर आच्छादन, टॉवेल आणि ओल्या कपड्यांचे बदली जोड. प्रत्येक टेकला नटी भिजणार, म्हणून तिच्या पोशाखाचे किमान तीन सारखे सेट. गाडी म्हणजे भाडं, इंधन आणि ती दोन रात्री उभी करायची जागा. फुलदाणी सहा टेक धरले तर सहा, तालमीला एक, वाहतुकीत फुटणारी एक, अशा आठ हव्यात आणि आठही एकसारख्या. आईचा आवाज म्हणजे एक कलाकार आणि रेकॉर्डिंगचे काही तास.

एवढा खर्च पाव पानाचा आहे. ब्रेकडाऊनच्या टेबलावरच लेखकाला विचारता येतं की पाऊस पडतच राहायला हवा, की नुकताच थांबला तरी चालेल? थांबलेला असेल तर रस्ता ओला करून भागतं. टँकर एकदाच लागतो, फवारा लागत नाही, नटी कोरडी राहते आणि पोशाखाचा एक सेट पुरतो. हा प्रश्न शूटच्या रात्री सुचला तर टँकर येऊन उभा असतो.

तपासा: ब्रेकडाऊनमध्ये एकेका वस्तूसमोर ‘किती नग’ लिहिलंय का? फुटणारं, फाटणारं, खाल्लं जाणारं, जळणारं काहीही एक नग लिहिलेलं दिसलं, तर ती ओळ चुकलेली आहे.

## टप्पा २: वेळापत्रक आधी, बजेट नंतर

बजेटमधला जवळजवळ प्रत्येक आकडा दिवसांनी गुणलेला असतो. दिवस चुकले की सगळंच चुकतं.

लहान, नवख्या युनिटनं दिवसाला तीन ते चार पानं धरावीत. घरातला संवादाचा सीन भरभर होतो, रात्रीचा रस्त्यावरचा सीन त्याच्या निम्म्या वेगानं होतो. दिवसाच्या मध्येच एका जागेहून दुसरीकडे हलायचं असेल, तर गुंडाळणं, प्रवास आणि पुन्हा मांडणं यात सहज दोन तास जातात. आपल्या १२ पानांना तीन दिवस बसतात: दोन दिवस घर आणि जिना, एक रात्र रस्ता.

आता या तीन दिवसांच्या दोन्ही बाजूंना दिवस जोडा. एक दिवस सामान आणणं आणि कॅमेरा-आवाजाची चाचणी. एक दिवस जागा सजवणं. शूटनंतर एक दिवस सामान परत करणं, घर होतं तसं करून देणं, कपडे धुऊन परत करणं. म्हणजे तीन दिवसांची फिल्म प्रत्यक्षात सहा दिवसांची झाली. या जादा तीन दिवसांत सगळं युनिट लागत नाही, पण कला विभागाचे दोघं, कॅमेऱ्याचा सहायक, एक गाडी आणि त्यांचं जेवण लागतंच. माझ्या पाहण्यात पहिल्या बजेटमधून सर्वांत जास्त वेळा गळालेली ओळ ही ‘परतीचा दिवस’ आहे.

सावधान: दिवसाचं शूट आणि लगेच रात्रीचं शूट असा क्रम लावू नका. दोन शिफ्टमध्ये किमान दहा ते बारा तासांची विश्रांती धरा. ती बसत नसेल तर मध्ये एक मोकळा दिवस येतो आणि भाड्याच्या सामानाचा मीटर त्या दिवशीही चालू राहतो. ती रक्कमही लिहा.

## टप्पा ३: रिकामा तक्ता असा आखा

साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक ओळीला हे रकाने ठेवा: खातं, तपशील, नग, दिवस किंवा वेळा, दर, एकूण, दराचा आधार, प्रत्यक्ष खर्च. एकूणचा आकडा हातानं लिहू नका, गुणाकारानं येऊ द्या:

```
=C5*D5*E5
```

हा गुणाकार फक्त सोयीसाठी नाही. ‘जेवण: अमुक रक्कम’ अशी ठोक ओळ लिहिली की ती चूक की बरोबर, हे कुणालाच तपासता येत नाही. ‘२० माणसं × ६ जेवणं × दर’ असं लिहिलं की वाचणारा लगेच विचारतो, त्या दिवशी कुणी यायचं ते लिहिलेल्या कॉलशीटवर तर पंधराच जण आहेत, वीस कुठून आले? आले ते दोन ड्रायव्हर, जनरेटरवाला आणि घराच्या मालकाकडचे दोघं. तीन दिवस, दोन वेळा. पंधरानं ९० जेवणं होतात, विसानं १२०. एक तृतीयांश फरक एका ओळीत, आणि तोही सेटवर दुपारी एक वाजता कळणारा.

‘दराचा आधार’ हा रकाना बहुतेकांच्या तक्त्यात नसतो. माझ्या मते तोच सर्वांत कामाचा आहे. त्यात तीनच अक्षरं भरायची. ‘अ’ म्हणजे लेखी कोटेशन हातात आहे. ‘ब’ म्हणजे फोनवर विचारलंय. ‘क’ म्हणजे आपला अंदाज. कंटिन्जन्सी, म्हणजे आकस्मिक खर्चासाठीची राखीव रक्कम, काढताना हा रकाना पुन्हा लागेल.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींच्याही ओळी हव्यात. मित्राचा कॅमेरा असेल तर बाजारभाव लिहा, शेजारच्या रकान्यात ‘मदत’ म्हणून तेवढीच रक्कम वजा करा. मित्रानं ऐनवेळी नाही म्हटलं तर किती रक्कम उभी करायची, हे तक्त्यावर आधीच दिसतं.

## टप्पा ४: मुख्य खाती भरा

आपल्या उदाहरणात, सगळ्या ओळी भरून झाल्यावर, वाटणी अशी आली:

| खातं | भाग |
|---|---|
| पूर्वतयारी (कास्टिंग, तालमी, लोकेशन पाहणी) | ५५ |
| कलाकार आणि युनिट | २०० |
| कॅमेरा, लाइट, आवाजाची साधनं | १७५ |
| कला, वेशभूषा, रंगभूषा | ७५ |
| लोकेशन आणि परवानग्या | ६५ |
| जेवण, प्रवास, वाहतूक | १२० |
| पोस्ट | १३० |
| विमा आणि कागदपत्रं | २४ |
| डिलिव्हरी आणि महोत्सव | ६५ |
| बेरीज | ९०९ |
| कंटिन्जन्सी १० टक्के | ९१ |

हे प्रमाण उचलून आपल्या फिल्मला लावू नका. एका खोलीत घडणाऱ्या फिल्मला वाहतूक निम्मी लागेल, ऐतिहासिक काळातल्या फिल्मला वेशभूषा तिप्पट. बघायचं ते एवढंच की साधनांचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. कॅमेऱ्यापासून सुरू केलेल्या बजेटांत तो निम्म्यावर गेलेला मी पाहिलाय.

माणसं. मानधन न घेणाऱ्यांचंही जाणं-येणं, जेवण आणि रात्री उशिरा घरी पोहोचणं तुमच्या खर्चात येतं. दिवस किती तासांचा धरलाय ते ओळीतच लिहा. बारा तासांवर गेल्यास जादा काय द्यायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर ते रात्री अकराला सेटवर ठरतं, आणि ते कधी निर्मात्याच्या बाजूनं ठरत नाही. हात आखडता घ्यायचाच असेल तर दुसऱ्या कॅमेऱ्यावर घ्या, साउंड रेकॉर्डिस्टवर नको. सेटवरचा आवाज बिघडला तर डबिंग करावं लागतं. मग स्टुडिओचे तास, कलाकारांच्या नव्या तारखा आणि पावलांपासून दारापर्यंतचे सगळे आवाज पुन्हा भरण्याचं काम येतं. वाचवलेल्या मानधनापेक्षा ते महाग पडतं.

साधनं. भाड्यानं देणाऱ्याला दोन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. भाड्याचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो? आदल्या संध्याकाळी उचलून तिसऱ्या दिवसाचं रात्रीचं शूट पहाटे संपल्यावर, पुढच्या सकाळी परत केलं तर कुणी तीन दिवस धरतो, कुणी पाच. दुसरा प्रश्न: या दरात नेमकं काय काय येतं? बॅटऱ्या किती, चार्जर, कार्ड, कार्ड रीडर, फिल्टर, ट्रायपॉडची प्लेट? ‘कॅमेरा पॅकेज’ या शब्दावर विसंबून राहू नका.

पोस्ट, म्हणजे शूटनंतरचं काम. यात एडिटिंगखेरीज कलर, साउंड एडिट, मिक्स, संगीत, टायटल्स आणि उपशीर्षकं अशा वेगळ्या ओळी हव्यात. प्रत्येकीत किती फेऱ्यांचे बदल दरात येतात ते लिहा. नवा दिग्दर्शक तिसऱ्या फेरीलाही ‘शेवटचा छोटासा बदल’ म्हणतो. तो दरात बसत नाही.

## टप्पा ५: विसरल्या जाणाऱ्या ओळी वेळेच्या क्रमानं शोधा

विसरलेल्या खर्चांची यादी पाठ करून उपयोग नाही, प्रत्येक फिल्मची वेगळी निघते. त्याऐवजी एका सामानाचा, एका माणसाचा आणि एका फाइलचा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात चालवून पाहा. जिथे कुणीतरी काहीतरी उचलतं, ठेवतं, धुतं, भरतं किंवा कॉपी करतं, तिथे एक ओळ असते.

शूटच्या आधी. कास्टिंगची जागा, पटकथेच्या प्रती, पाहणीला गेलेल्या चौघांचा प्रवास, कपड्यांचं फिटिंग. लहान रकमा, पण शूट सुरू व्हायच्या आत हा पैसा कुणाच्या तरी खिशातून गेलेला असतो आणि पावती नसते.

शूटच्या दिवसांत. इथे संपणाऱ्या वस्तूंचं एक वेगळं खातं करा: चिकटपट्ट्या, लाइटवर लावायचे रंगीत जेल, कचऱ्याच्या पिशव्या, प्रथमोपचार, पिण्याचं पाणी, बॅटरी सेल. सेलचाच हिशेब बघा. वायरलेस माइकचे दोन संच म्हणजे दोन ट्रान्समीटर, दोन रिसीव्हर. दोन एए सेलवर चालणारं मॉडेल असेल तर एका वेळी आठ सेल. दिवसातून दोनदा बदलले तर सोळा, तीन दिवसांचे अठ्ठेचाळीस. हे न लिहिल्यामुळे एकदा आमच्याकडे रात्री एक वाजता घराच्या मालकाच्या भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढायची वेळ आली होती. घड्याळ दुसऱ्या दिवशी शॉटमध्ये होतं. कंटिन्यूइटी सांभाळणाऱ्यानं दोन तास शोधलं की काटे का हलत नाहीत.

फुटेज. हा आकडा अंदाजानं लिहायचा नसतो, तो काढता येतो. १२ पानं म्हणजे ढोबळ १२ मिनिटांची फिल्म. एका मिनिटामागे आठ मिनिटं शूट धरलं तर ९६ मिनिटं. यूएचडी, सेकंदाला २४ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू या फॉरमॅटला तासाला साधारण ३२० जीबी लागतात. म्हणजे सव्वापाचशे जीबीच्या आतबाहेर. त्याच्या दोन प्रती सेटवरच, दोन वेगळ्या डिस्कवर आणि रात्री दोन वेगळ्या घरात. तिसरी एडिटरकडे. पहिल्या दोन एक-एक टीबीच्या पुरतात. एडिटरची दोन टीबीची घ्या, कारण तिथे आवाज, प्रीव्ह्यू फाइल आणि एक्स्पोर्ट जमा होतात. तीन डिस्क म्हणजे तीन ओळी, आणि ती कॉपी करत बसणारा माणूस ही चौथी.

सावधान: दोन्ही प्रती तपासून झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. कार्ड कमी पडतात म्हणून घाईनं पुसलं जातं, म्हणून दिवसभराला पुरतील एवढी कार्डं भाड्याच्या ओळीतच घ्या.

पॅकअपनंतर. साफसफाई, भिंतीला रंग, मोडलेलं बिजागर, हरवलेली वस्तू. लोकेशनचे फोटो शूटच्या आधी काढून ठेवा, नाहीतर जुनी चीरही तुमच्या नावावर चढते.

फिल्म पूर्ण झाल्यावर. इथे सर्वांत मोठी भोकं पडतात. आधी संगीत. एखादं प्रसिद्ध गाणं वापरायचं तर दोन वेगळे हक्क लागतात: रचनेचा आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. दोघांचे मालक वेगळे असू शकतात. एकानं हो म्हटलं म्हणून काम होत नाही. सीनमध्ये मागे रेडिओवर वाजणारं गाणंही यातच येतं. फक्त महोत्सवापुरता परवाना स्वस्त मिळतो, पण फिल्म पुढे ऑनलाइन टाकायची झाली की नव्यानं पैसे लागतात. म्हणून परवाना घेतानाच वाढीव हक्काचा दर लेखी मागा आणि ती रक्कम शेरा म्हणून तक्त्यात ठेवा.

मग डिलिव्हरी. थिएटरमध्ये दाखवायला बहुतेक ठिकाणी डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत, लागतं. ते बनवण्याची एक ओळ आणि खऱ्या पडद्यावर एकदा चालवून पाहण्याची दुसरी. ही दुसरी लोक वगळतात आणि मग पहिल्याच प्रदर्शनात उपशीर्षकं चौकटीबाहेर गेलेली किंवा संवाद उजव्या स्पीकरमधून येत असलेले दिसतात. पोस्टर, ट्रेलर आणि सेटवरची चांगली स्थिरचित्रं हवीत. महोत्सव फोटो मागतात आणि फिल्ममधून काढलेली फ्रेम छापायला अपुरी पडते. फोटोग्राफर शूटच्या एका दिवसासाठी तरी लिहा, कारण ही ओळ नंतर भरता येत नाही.

महोत्सवाचं शुल्क ‘साधारण अमुक’ असं लिहू नका. पंधरा महोत्सवांची नावं, प्रत्येकाची लवकरची तारीख, नेहमीची तारीख आणि त्या त्या तारखेचं शुल्क लिहा. उशिराच्या तारखेला तोच अर्ज बराच महाग पडतो. लांबीची अटही बघा. कानच्या शॉर्टफिल्म स्पर्धेत श्रेयनामावलीसकट १५ मिनिटांची मर्यादा आहे, ऑस्करला ४० मिनिटं. सोळा मिनिटांच्या फिल्मचं काही ठिकाणचं शुल्क वाया गेलं, असं नको.

तपासा: ‘इतर’ नावाची ओळ अजून आहे का? असेल तर उघडा, आत काय काय आहे त्याच्या ओळी करा आणि ती पुसून टाका.

## टप्पा ६: कंटिन्जन्सी काढा आणि तिला कुलूप लावा

रूढ आकडा बेरजेच्या १० टक्के आहे. हातात ठरलेलीच रक्कम असेल तर तिला १.१ नं भागा. १००० ला भागलं की ९०९ येतात. तुमचं खरं बजेट तेवढंच. त्यात बसत नसेल तर पटकथेकडे जायचं, कंटिन्जन्सीकडे नाही.

पण दहा टक्के पुरतात का, हे ‘दराचा आधार’ रकाना सांगतो. मी ‘अ’ ओळींवर ५, ‘ब’ ओळींवर १० आणि ‘क’ ओळींवर २५ टक्के धरून बघतो. हा कुणाचा नियम नाही, माझा ठोकताळा आहे. आपल्या ९०९ पैकी ४०० भाग लेखी, ३५० फोनवरचे आणि १५९ अंदाजाचे असतील तर राखीव ९५ येते, म्हणजे जवळजवळ दहा टक्केच. पण निम्मी रक्कम अंदाजाची असेल, समजा २०० लेखी, २५५ फोनवरची आणि ४५४ अंदाजाची, तर तीच राखीव १४९ वर जाते. या दोन तक्त्यांत फरक दोन-तीन दिवसांच्या फोनाफोनीचा आहे.

कंटिन्जन्सी कशासाठी नसते, याची कसोटी सोपी आहे: ज्याचं नाव तुम्ही आत्ता सांगू शकता, त्याची वेगळी ओळ करा. पावसाळ्यात बाहेर शूट ठेवलंत तर पाऊस आकस्मिक नव्हे, त्याचा पर्यायी दिवस बजेटमध्ये हवा. वेळापत्रक मुळातच ताणलेलं असेल तर ओव्हरटाइमही आकस्मिक नाही. आकस्मिक म्हणजे मुख्य नटाचा पाय मुरगळला, भाड्याची लेन्स चाचणीत ठीक होती आणि दुसऱ्या दिवशी अडकली, शेजारी अचानक बांधकाम सुरू झालं.

ही रक्कम खर्चायला एकाच माणसाची सही लागेल असं ठरवा, आणि तो माणूस दिग्दर्शक नसावा. पॅकअप होईपर्यंत निम्म्याहून जास्त सोडायची नाही. सेटवर प्रत्येक मागणी जीवनमरणाची वाटते आणि पोस्टचा माणूस तिथे भांडायला हजर नसतो.

## टप्पा ७: पैसा कधी लागेल, तेही मांडा

बजेट किती लागेल हे सांगतं. कधी लागेल हे सांगायला दुसरं पान हवं. तारखा आडव्या, खाती उभी.

आपल्या उदाहरणात पहिल्या शॉटच्या आधी काय भरावं लागतं ते बघा. पूर्वतयारी ५५, साधनांचं पूर्ण भाडं १७५, कला-वेशभूषा ७५, लोकेशन ६५, विमा २४, युनिटला निम्मा आगाऊ १००, जेवण-वाहतुकीचे निम्मे ६०. झाले ५५४. वर साधनांची अनामत, समजा १५०. अनामत परत येते, म्हणून ती बजेटच्या बेरजेत नसते आणि म्हणूनच विसरली जाते. पण त्या सकाळी ती रोख लागते. एकूण ७०४. म्हणजे एकही शॉट घेतलेला नसताना हजारातले सातशे हाताबाहेर गेलेले असतात. पैसे तीन हप्त्यांत येणार असतील तर पहिल्या हप्त्यात शूट सुरूच होत नाही.

सावधान: विम्याची पॉलिसी वाचताना नुकसानीत स्वतः भरायचा भाग किती, ते शोधा. लेन्स फुटली तर तेवढी रक्कम विमा असूनही तुम्हीच देता. ती कंटिन्जन्सीहून मोठी असेल तर वेगळी पॉलिसी बघा.

## टप्पा ८: शूट चालू असताना रोज हिशेब

पॅकअपनंतर पंधरा मिनिटं. प्रत्येक खात्यासमोर तीन आकडे: दिलेले, कबूल केलेले पण न दिलेले, आणि अजून लागतील असे. तिसरा आकडा रोज नव्यानं विचारायचा. ‘बजेटमध्ये चाळीस शिल्लक आहेत’ हे उत्तर धरायचं नाही. उद्याच्या कामाला किती लागतील, हे त्या खात्याच्या माणसानं सांगायचं.

समजा पहिल्या दिवशी वाहतूक दहा भागांनी वाढली. तर दुसऱ्या दिवशीही वाढेल असं धरा आणि त्याच रात्री कापणी करा. सगळ्या खात्यांतून थोडं थोडं कापायचं नाही. तसं केलं की जेवण निकृष्ट होतं, लाइट अपुरे पडतात आणि मिक्सचे तास उडतात, म्हणजे फिल्म सगळीकडून थोडी थोडी बिघडते. एक अख्खी गोष्ट काढा. जिन्यातला सीन घरातच दारात घेता येतो का? एक जागा हलणं वाचलं की दोन तास, एक गाडीची फेरी आणि एखादा ओव्हरटाइम एकदमच वाचतो.

पावत्यांचा रोज फोटो काढा आणि फाइलचं नाव तारीख-खातं-रक्कम असं ठेवा. उन्हात गाडीत पडलेली थर्मल पावती वाचेनाशी होते.

शूट संपल्यावर तक्ता बंद करू नका. अनामत परत आल्याची नोंद, लोकेशनच्या मालकाची ‘काही येणं नाही’ अशी चिठ्ठी आणि तिन्ही डिस्क उघडून पाहिल्याची तारीख, या तीन ओळी भरल्या की पॅकअपचं खातं मिटतं. पोस्टच्या खात्यात तेव्हा निदान १३० भाग आणि निम्मी राखीव तशीच पडून असायला हवी. नसेल तर एडिटरला फोन करण्याआधी महोत्सवांची यादी उघडा आणि पंधराचे आठ करा.